अंगावर पिणाऱ्या बाळाची हिरवी, शेंबडासारखी किंवा कण असलेली शी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती ६ महिन्यांच्या आतल्या, फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांसाठी आहे. वरचं दूध किंवा पेज-खिमटी सुरू झाली की शीचा रंग, वास आणि घट्टपणा सगळंच बदलतं, त्यामुळे इथले निकष त्या बाळांना लावू नका.

अंगावर पिणाऱ्या बाळाची नेहमीची शी कशी असते?

पिवळी, पातळसर, किंचित आंबूस वासाची आणि बारीक कण असलेली. पिवळ्याच्या सगळ्या छटा यात आल्या: हळदीसारखा पिवळा, गडद मोहरी रंग, हिरवट पिवळा. सुती लंगोटावर तिचं पाणी लगेच कापडात शिरतं आणि वर कण व थोडा मऊ गोळा उरतो. भोवती ओलसर पिवळी कड दिसते. पहिल्यांदा आई झालेल्या बाईला हे जुलाब वाटतात, कारण मोठ्या माणसाची शी अशी झाली तर ते जुलाबच असतात. बाळाच्या बाबतीत हाच नेहमीचा पोत आहे.

डिस्पोजेबल डायपरमध्ये चित्र वेगळं दिसतं. आतली जेल पाणी ओढून घेते, म्हणून पातळ शीसुद्धा घट्ट वाटते. उलट खरोखर पाण्यासारखे जुलाब झाले तर ते शू समजून सुटून जातात. शंका असेल त्या दिवशी सुती लंगोट वापरा. डायपर फाटला तर जेलचे चकचकीत पारदर्शक मणी बाहेर येतात, तेही बऱ्याचदा चिकट स्राव म्हणून दाखवायला आणले जातात.

पहिल्या आठवड्यात हिरवी शी चालते का?

चालते, किंबहुना ती यायलाच हवी. पहिल्या १–२ दिवसांत डांबरासारखी काळी, चिकट शी होते, तिला मेकोनियम म्हणतात. ३ऱ्या-४थ्या दिवशी ती हिरवट तपकिरी आणि पातळ होते. ५व्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. हा क्रम दूध पोटात जात असल्याची खूण आहे. ५व्या दिवशीही शी काळी-चिकट असेल तर बाळाला पुरेसं दूध मिळत नसावं. त्याच दिवशी वजन करून घ्या आणि बाळ छातीला नीट लागतंय का हे कोणी जाणत्याला दाखवा. जन्मानंतर २४ तासांत मेकोनियम झालंच नसेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं असेल तर त्या दिवसांत शी हिरवी आणि जास्त पातळ होते. काविळीचा पिवळा रंग, म्हणजे बिलिरुबिन, तुटून पित्तावाटे बाहेर पडतो, त्यामुळे ते अपेक्षितच आहे. दिवा बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत रंग परततो.

शीतले पांढरे-पिवळे कण म्हणजे दूध पचत नाही का?

नाही. दुधातली चरबी आणि फाटलेल्या दुधाचे बारीक गोळे असे कणाच्या रूपात बाहेर येतात. मोहरीच्या दाण्याएवढे किंवा खसखशीएवढे बारीक असतात, बोटाने दाबले तर मऊ लागतात. एखाद्या दिवशी जास्त, एखाद्या दिवशी अजिबात नाहीत, दोन्ही ठीक. कण दिसेनासे झाले म्हणून घाबरू नका आणि ते दिसतात म्हणून पाचक थेंब देऊ नका.

हिरवा रंग येतो कुठून?

पित्तातून. पित्त मुळात पिवळं-हिरवं असतं. आतड्यातून सरकताना त्यावर जंतूंचं काम होतं आणि रंग हळूहळू तपकिरीकडे जातो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात हे काम करणारे जंतू कमी असतात, म्हणून त्याची शी पिवळी राहते. दूध आतड्यातून नेहमीपेक्षा भरभर सरकलं की पित्त तसंच हिरवं बाहेर येतं. सर्दीच्या दिवसांत, लसीनंतर, पोट जरा बिघडलं की हिरवी शी दिसते, ती याच कारणाने.

दुसरं कारण तर बाळाच्या पोटात घडतही नाही. लंगोटात पिवळी पडलेली शी उघड्या हवेत राहिली की हिरवी होते, कारण पित्तातला पिवळा रंग हवेतल्या ऑक्सिजनने हिरवा बनतो. रात्रभराचा डायपर सकाळी उघडला आणि हिरवा दिसला तर आधी ताजी शी बघा आणि मग काळजी करायची की नाही ते ठरवा.

मी पालेभाजी खाल्ली, अळिवाची खीर खाल्ली, लोहाची गोळी घेते. त्याने हिरवी होते का?

सहसा नाही. पालेभाजीतलं हिरवं दुधात जवळपास उतरत नाही. आईच्या लोहाच्या गोळीमुळे दुधातलं लोह फारसं वाढत नाही, तेव्हा त्या भीतीने गोळी बंद करू नका. बाळाला स्वतःला लोहाचे थेंब चालू असतील, जसे कमी वजनाच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळांना देतात, तर शी गडद हिरवी ते काळपट होते. त्यात काळजीचं काही नाही.

बाळंतिणीने थंड खाल्लं म्हणून, वारा लागला म्हणून हिरवी शी झाली, असं घरोघरी ऐकू येतं. त्यासाठी आईचं जेवण तोडून तिला पेजेवर ठेवणं हे मात्र खरं नुकसान आहे.

शी हिरवी, फेसाळ आहे, पिचकारीसारखी जोरात होते. पोटात गॅस आहे, बाळ किरकिरतं. हे काय?

बहुतेक वेळा आईला दूध भरपूर असतं आणि बाजू लवकर बदलली जाते. आईच्या छातीत पहिलं पातळ आणि नंतरचं घट्ट अशी दोन वेगळी दुधं साठलेली नसतात. छाती जसजशी रिकामी होत जाते तसतसं दुधातली चरबी हळूहळू वाढते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सारखीच, १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते. भरलेल्या छातीतून बाळाने ४–५ मिनिटं प्यायल्यावर दुसरी बाजू दिली, तीही भरलेलीच, तर त्याच्या पोटात कमी चरबीचं दूध भरपूर जातं. चरबी कमी म्हणून ते जठरातून लवकर पुढे सरकतं. एवढी साखर लहान आतड्याला एकदम पचवता येत नाही, उरलेली मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू ती आंबवतात. त्यातून गॅस, फेस, आम्लता, आणि भरभर सरकल्याने हिरवा रंग.

एक उदाहरण घेऊ. जन्माच्या वेळी ३ किलोचं बाळ, आता ७ आठवड्यांचं. दहाव्या दिवशी त्याने जन्मवजन परत गाठलं होतं, आज काट्यावर ५.१ किलो आहे. म्हणजे ३९ दिवसांत २.१ किलो, दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. या वयात दिवसाला २० ते ३५ ग्रॅम वाढ पुरेशी असते. दूध उतरताना बाळ ठसकतं, तोंड सोडतं, दुसऱ्या बाजूने दूध टपकतं. दिवसाला ८–१० हिरव्या फेसाळ शी, पण ताप नाही, रक्त नाही, लघवी भरपूर. हे आजाराचं चित्र नाही, जास्त दुधाचं आहे. इथे करायचं एवढंच: एका वेळी एकच बाजू, बाळ स्वतःहून सोडेपर्यंत. दहा-पंधरा मिनिटांत त्याला पुन्हा भूक लागली तर तीच बाजू परत द्या. पुढच्या वेळी दुसरी. दूध जोरात येत असेल तर आईने मागे रेलून बसावं आणि बाळाला छातीवर पालथं घ्यावं, म्हणजे धार त्याच्या घशात आदळत नाही. दुसरी छाती ताठली तर आराम पडण्यापुरतंच दूध हाताने काढा, पंपाने रिकामी केली तर दूध आणखी वाढेल. फरक साधारणपणे ३–५ दिवसांत दिसतो: फेस कमी होतो, मग पिवळेपणा परततो.

ठरावीक ३–४ तास एकच बाजू देण्याची पद्धत याच्या पुढची पायरी आहे. तिने दूध खरोखर कमी होतं, म्हणून स्तनपान सल्लागाराच्या देखरेखीखालीच करावी. ज्या बाळाचं वजन नीट वाढत नाही त्याच्यावर ती कधीच करू नये. फक्त हिरवी शी बघून शेजारच्या ताईने सांगितलं म्हणून ती सुरू केली तर तोटाच जास्त.

माझ्या बाळाची शीही हिरवी आहे, पण अगदी थोडी आणि बुळबुळीत. तेच आहे का?

याच्या नेमकं उलट असू शकतं. पोट अर्धवट राहिलेल्या बाळाच्या आतड्यात दूध कमी आणि पित्त व आतड्याचा स्वतःचा चिकट स्रावच जास्त असतो. त्यामुळे चमचाभर गडद हिरवी, बुळबुळीत, कण नसलेली शी होते. वजन इथे सगळं सांगतं. वरच्याच उदाहरणातलं बाळ ७ आठवड्यांना ३.४ किलोवर अडकलं असतं तर ते दिवसाला जेमतेम १० ग्रॅम वाढलं असतं. त्याला एकच बाजू देणं चुकीचं ठरलं असतं. त्याला दोन्ही बाजू, २४ तासांत ८ ते १२ वेळा, आणि तोंडात फक्त बोंड न जाता भोवतीचा काळा भागही जातोय का हे तपासून घ्यायला हवं. झोपाळू बाळाला लंगोट बदलून, कपडे सैल करून, पायाला चोळून जागं ठेवावं लागतं. गिळल्याचा आवाज थांबला की छाती हळूच दाबली तर थोडं दूध आणखी उतरतं.

वजन त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय, आठवड्यातून एकदा करा. अंगणवाडीचा काटा चालेल. एकदा इथे आणि एकदा तिथे असं नको, दोन काट्यांतला फरकच कधी कधी १०० ग्रॅम निघतो. नोंद बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डावर करून ठेवा.

शीत शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसतो. जंतुसंसर्ग आहे का?

एखाद-दुसऱ्या शीत धागा-दोन धागे चिकट स्राव दिसणं नेहमीचं आहे. आतड्याचं अस्तर स्वतःच तो बनवतं. सर्दी झालेलं बाळ शेंबूड गिळतं, २–३ महिन्यांपुढचं लाळ गिळतं, तेही असं बाहेर येतं. ४ महिन्यांच्या बाळाच्या चिकट शीला घरातले दात येण्याचं लक्षण म्हणतात, पण त्यात लाळेचा वाटा जास्त असतो. मात्र ताप आणि पातळ शी यांचं खापर दातांवर फोडू नका. त्यात खरा आजार उशिरा सापडतो.

प्रतिजैविकं आईला किंवा बाळाला चालू असली तरी काही दिवस हिरवी चिकट शी होते. स्राव रोज, प्रत्येक शीत, भरपूर येत असेल, किंवा त्यात रक्त असेल, तेव्हा पुढचा प्रश्न वाचा.

लाल धागे दिसले. किती घाबरायचं?

आधी ते रक्तच आहे का हे बघा. पहिल्या आठवड्यात लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग पडतात ते लघवीतले क्षार असतात, दूध वाढलं की जातात. मुलींना पहिल्या आठवड्यात योनीतून थोडं रक्त येऊ शकतं, तेही आईच्या संप्रेरकांमुळे. आईच्या बोंडाला चीर पडली असेल तर बाळ ते रक्त गिळतं आणि शी काळपट होते.

खरे रक्ताचे धागे, सोबत चिकट स्राव, आणि बाळ मात्र छान पिणारं, हसणारं, वजन वाढणारं: २ ते ८ आठवड्यांच्या सुमाराला असं चित्र दिसलं तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी हे बऱ्याचदा कारण निघतं. आई जे दुधाचे पदार्थ खाते त्यांतलं थोडं प्रथिन तिच्या दुधात उतरतं. बाळाला एकदा डॉक्टरांना दाखवून मग आईने २ ते ४ आठवडे दुधाचं सगळं बंद करून बघायचं: चहातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा, दूध पावडर घातलेली बिस्किटं आणि पाव. म्हशीचं आणि शेळीचं दूधही चालत नाही, प्रथिनं फार जवळची आहेत. तुपात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून या काळापुरतं तेही बाजूला ठेवा, म्हणजे डिंकाचे लाडूही गेले. रक्त साधारण आठवड्याभरात थांबायला लागतं, पूर्ण जायला जास्त वेळ लागू शकतो. मग दूध पुन्हा सुरू करून बघायचं. रक्त परत दिसलं तरच निदान पक्कं, नाहीतर आई विनाकारण महिनोन्महिने दूध सोडून बसते. बाळंतपणानंतरची कॅल्शियमची गोळी चालू ठेवा आणि नाचणी, तीळ वाढवा. अंगावरचं दूध थांबवायची गरज नसते, आणि बहुतेक बाळांची ही अॅलर्जी वर्षाच्या आसपास जाते.

दिवसातून दहा वेळा होते. जुलाब कसे ओळखायचे?

आकड्यावरून नाही. पहिल्या ६ आठवड्यांत प्रत्येक पिण्यानंतर शी होणं नेहमीचं आहे, कारण पोट भरलं की आतडं आपोआप हलतं. जुलाब म्हणजे त्या बाळाच्या नेहमीच्या पद्धतीत अचानक पडलेला फरक: कालपर्यंत ४ वेळा, आज १२ वेळा, कण नाहीत, नुसतं पाणी, वास बदललेला. सोबत ताप, उलटी, पिण्याला नकार.

रोटाव्हायरसचे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात. त्यानंतर दोन-तीन दिवस शी पातळ आणि हिरवट होऊ शकते.

जुलाब असतील तर अंगावर पाजणं वाढवायचं, थांबवायचं नाही. २ महिन्यांच्या आतलं बाळ घरी ठेवू नका, त्याच दिवशी दाखवा. त्यापुढच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस चमच्याने, थांबत थांबत. पाकीट पूर्ण, आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. दुकानातली गोड खोकी ओआरएस नव्हेत. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला झिंक रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, काढलेल्या दुधात विरघळवून १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. शी थांबवणारी औषधं या वयात देत नाहीत.

पाणी कमी पडतंय का हे लघवीवरून कळतं. ५व्या-६व्या दिवसानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त ओले लंगोट, फिकट लघवी, म्हणजे ठीक. टाळू खोल गेली, डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं तर ओआरएस पाजत बसू नका, निघा.

उलट, आठ दिवस शीच नाही.

६ आठवड्यांनंतर अंगावर पिणारं बाळ ७–१० दिवसांनी एकदा शी करू शकतं. झाली की मऊ आणि भरपूर होते, पोट मऊ असतं, वारा सरतो. मग काही करू नका, साबणाची वात आणि एरंडेल तर नकोच. ६ आठवड्यांच्या आत मात्र दिवसाला २–३ शी तरी हव्यात. त्या नसतील तर आधी दूध पुरतंय का बघा.

गुटी, ग्राईप वॉटर देऊन रंग सुधारतो का?

नाही. बाळगुटीतला हिरडा सारक असतो, त्यामुळे शी आणखी पातळ होते आणि लोक म्हणतात "पोट साफ झालं". सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू जातात तो त्रास वेगळाच. ६ महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा.

कोणता रंग दिसला तर थांबायचं नाही?

हिरव्याने घाबरणारे पालक पांढऱ्याकडे दुर्लक्ष करतात. खडूसारखी पांढरी, राखाडी किंवा फिकट मातकट शी म्हणजे आतड्यात पित्त उतरत नाही. सोबत लघवी गडद पिवळी, लंगोटाला डाग पाडणारी, आणि १४ दिवसांपुढेही रेंगाळलेली कावीळ असेल तर पित्तनलिका बंद असल्याची शक्यता तपासावी लागते. त्यासाठी रक्तातल्या बिलिरुबिनचे दोन्ही भाग वेगळे मोजतात. शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर तिचं यश जास्त, म्हणून "ऊन दाखवा, जाईल कावीळ" यात आठवडे घालवू नका.

याशिवाय लगेच जायचं ते असं: जेलीसारखं लाल रक्त, सोबत पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळून रडणं, हिरवी उलटी (हिरवी शी आणि हिरवी उलटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे), मेकोनियम संपल्यावर, लोहाचे थेंब नसताना काळी शी, फुगलेलं ताठ पोट, ३ महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप.

शी तपासायला सांगितली. नमुना कसा न्यायचा, आणि रिपोर्ट कसा वाचायचा?

लंगोटात आत प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा घाला, म्हणजे पातळ भाग कापडात शिरणार नाही. तो चमच्याने डबीत घ्या, तासाभरात लॅबला द्या. डायपरमधून खरवडलेला वाळका नमुना निरुपयोगी. दिवसाच्या उजेडात काढलेला ताज्या शीचा फोटो सोबत ठेवा, फ्लॅशने रंग बदलतो.

अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शीत साखर सापडते आणि ती आम्लधर्मी असते. त्यामुळे "रिड्यूसिंग सबस्टन्स पॉझिटिव्ह" एवढ्या एका ओळीवर लॅक्टोज पचत नाही असं ठरवून अंगावरचं दूध तोडायला आणि लॅक्टोजविरहित पावडर आणायला कोणी सांगितलं, तर बाळाचं वजन आणि लघवी समोर ठेवून दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या.